बाराशे वाहने, सहा घरे: एका केसलेटचा प्रकरण अभ्यास

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका छोट्या वर्गात बँकांच्या परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांना मी अंकगणित आणि माहितीचे विश्लेषण शिकवतो. या वर्गातील एका विद्यार्थिनीने एका केसलेटवर केलेले काम येथे सविस्तर मांडत आहे. केसलेट म्हणजे असा परिच्छेद, ज्यात तक्ता किंवा आलेख दिलेला नसतो. सगळी आकडेवारी वाक्यांत गुंफलेली असते आणि त्यावर साधारण पाच प्रश्न विचारलेले असतात. ही विद्यार्थिनी निफाड तालुक्यातील शेतकरी कुटुंबातील असून शेकडेवारी आणि गुणोत्तर या दोन्ही प्रकरणांत तिचा हात चांगला बसलेला होता. सुटी उदाहरणे ती झपाट्याने सोडवत असे. तरीही केसलेट आले की तिचे गुण घसरत, आणि असे का होते हे तिला आणि बराच काळ मलाही नेमके सांगता येत नव्हते. ज्या परिच्छेदावर ते उलगडले तो मी वर्गासाठी स्वतः रचलेला होता. त्यातील तालुक्यांची नावे खरी आहेत, आकडे मात्र काल्पनिक आहेत.

परिच्छेद असा होता:

मार्च महिन्यातील एका दिवशी नाशिक जिल्ह्यातील एका बाजार समितीच्या आवारात निफाड, चांदवड आणि येवला या तीन तालुक्यांतून लाल व उन्हाळ कांद्याची मिळून १२०० वाहने आली. प्रत्येक वाहनात एकाच प्रकारचा कांदा होता. एकूण वाहनांपैकी ३६ टक्के वाहने लाल कांद्याची होती. येवल्याहून आलेली उन्हाळ कांद्याची वाहने निफाडहून आलेल्या उन्हाळ कांद्याच्या वाहनांपेक्षा २० टक्क्यांनी कमी होती. निफाडच्या वाहनांमध्ये लाल आणि उन्हाळ यांचे गुणोत्तर ३:५ होते. एकूण वाहनांपैकी ४० टक्के वाहने निफाडची होती, तर उरलेल्या वाहनांत चांदवड आणि येवला यांचे गुणोत्तर ५:४ होते. चांदवडहून आलेल्या उन्हाळ कांद्याच्या वाहनांपैकी ५७ वाहनांचा लिलाव दुपारच्या सत्रात आणि बाकीच्यांचा सकाळच्या सत्रात झाला.

त्यावरील पाच प्रश्न पुढीलप्रमाणे होते. पहिला, चांदवडहून लाल कांद्याची किती वाहने आली? दुसरा, येवल्याच्या लाल कांद्याच्या वाहनांची संख्या निफाडच्या लाल कांद्याच्या वाहनांच्या किती टक्के आहे? तिसरा, चांदवडच्या उन्हाळ कांद्याच्या वाहनांपैकी किती टक्के वाहनांचा लिलाव सकाळी झाला? चौथा, निफाड आणि येवला येथून मिळून आलेली उन्हाळ कांद्याची वाहने चांदवडच्या एकूण वाहनांपेक्षा किती जास्त आहेत? पाचवा, तिन्ही तालुक्यांतून आलेल्या उन्हाळ कांद्याच्या वाहनांची सरासरी किती?

तिने हे प्रश्न परीक्षेप्रमाणेच संगणकाच्या पडद्यावर सोडवले. तिला नऊ मिनिटे लागली. एक उत्तर बरोबर आले, तीन चुकली आणि एक प्रश्न तिने सोडून दिला. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, हे धरले तर नऊ मिनिटांची कमाई पाव गुण एवढीच झाली. आयबीपीएसच्या प्राथमिक परीक्षेत संख्यात्मक क्षमतेच्या ३५ प्रश्नांसाठी २० मिनिटे मिळतात. त्यातली नऊ मिनिटे एका परिच्छेदावर गेली, तर उरलेल्या प्रश्नांचे काय होईल हे वेगळे सांगायला नको. निकाल पाहून ती म्हणाली, "सर, गणित तर सगळं येत होतं. परिच्छेद चार वेळा वाचला, तरी दर वेळी काहीतरी सुटत होतं."

मी तिचा कच्चा कागद मागून घेतला. विद्यार्थी कुठे अडला हे उत्तरपत्रिकेपेक्षा कच्च्या कागदावर जास्त स्पष्ट दिसते. त्या कागदावर ४८०, ७२०, ४००, ३२०, ३००, ३८४, ८४, ३१६ असे आकडे जागा सापडेल तिथे, तिरपे आणि एकमेकांना खेटून लिहिलेले होते. कोणत्याही आकड्याशेजारी तो कशाचा आहे हे लिहिलेले नव्हते. यातले पहिले पाच आकडे बरोबर होते. चूक ३८४ मध्ये होती, आणि पुढचे दोन्ही आकडे त्या एका चुकीतून निघालेले होते.

३८४ म्हणजे ४८० चे ८० टक्के. येवल्याची उन्हाळ वाहने काढताना तिने २० टक्के निफाडच्या उन्हाळ वाहनांतून, म्हणजे ३०० मधून, वजा करायच्या ऐवजी निफाडच्या सगळ्या वाहनांतून, म्हणजे ४८० मधून, वजा केले. 'निफाडहून आलेल्या उन्हाळ कांद्याच्या वाहनांपेक्षा' या लांब शब्दसमूहातला पहिला आणि शेवटचा शब्द तिच्या डोळ्यांनी टिपला आणि मधले 'उन्हाळ कांद्याच्या' निसटले. वाक्याच्या सुरुवातीला 'उन्हाळ कांद्याची वाहने' हे शब्द एकदा येऊन गेलेले असल्यामुळे ते पुन्हा आले तेव्हा नवे काही सांगत आहेत असे वाटत नाही. घाईत वाचणारा तिथेच फसतो.

पुढचे सगळे ओघाने आले. लाल कांदा ३६ टक्के असल्यामुळे उन्हाळ कांद्याची एकूण वाहने ७६८ होतात, हे तिने बरोबर काढले होते. त्यांतून ३०० आणि ३८४ वजा केल्यावर चांदवडला ८४ उरली, ४०० मधून ८४ वजा करून लाल ३१६ आली, आणि ३१६ हा पर्याय पहिल्या प्रश्नात होताच. तो मीच ठेवलेला होता, कारण हे वाचन नेहमी चुकते. चौथ्या प्रश्नात ३०० आणि ३८४ यांच्या बेरजेतून ४०० गेले आणि २८४ आले; तोही पर्याय होता. तिसऱ्या प्रश्नात ८४ पैकी २७ वाहने सकाळची म्हणून सुमारे ३२ टक्के आले, तो पर्याय नव्हता, म्हणून तिने 'यांपैकी नाही' निवडले. दुसऱ्या प्रश्नात येवल्याची लाल वाहने काढताना ३२० मधून ३८४ वजा करायची वेळ आली तेव्हा उत्तर ऋण येते हे तिच्या लक्षात आले. पण आपली वजाबाकी चुकली असावी असे समजून ती परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली, आणि नऊपैकी जवळजवळ तीन मिनिटे तिथेच गेली. पाचवा प्रश्न तेवढा बचावला, कारण त्याला तालुकावार आकड्यांची गरजच नव्हती; ७६८ ला ३ ने भागले की २५६ मिळतात.

या प्रकरणातील कळीची गोष्ट मला येथे दिसते. ३८४ हा आकडा अशक्य आहे हे कळण्यासाठी लागणारा ३२० हा आकडा तिच्याच कागदावर, चार बोटांच्या अंतरावर लिहिलेला होता. येवल्याहून एकूण ३२० वाहने आली असतील, तर त्यांतली उन्हाळ कांद्याची वाहने ३८४ असूच शकत नाहीत. ती आवक पाहत वाढलेली मुलगी आहे. ही दोन वाक्ये तोंडी सांगितली असती तर तिने ताबडतोब हरकत घेतली असती. परंतु ३२० आणि ३८४ हे दोन आकडे एकाच ओळीत शेजारीशेजारी आलेच नाहीत, म्हणून त्यांची गाठ पडली नाही. तक्ता केल्याने कागद नीटनेटका दिसतो एवढाच त्याचा फायदा असता, तर परीक्षेच्या घाईत तो करण्याचा आग्रह मी धरला नसता. तक्त्यात प्रत्येक आकडा आपल्या ओळीच्या आणि आपल्या रकान्याच्या बेरजेसमोर उभा राहतो आणि चुकीचा असेल तर बहुधा तिथल्या तिथे उघडा पडतो, म्हणून तो करायचा.

मी तिला तोच परिच्छेद पुन्हा दिला आणि आधी तक्ता करायला सांगितले. तिचा पहिला तक्ता वेगळ्याच कारणाने निरुपयोगी ठरला. तिने परिच्छेदातील प्रत्येक वाक्यासाठी एक ओळ घेतली आणि 'तालुका', 'टक्के', 'गुणोत्तर', 'वाहने' असे चार रकाने केले. म्हणजे परिच्छेदाचीच उभी यादी झाली. अशा यादीत ओळीची किंवा रकान्याची बेरीज करता येत नाही, कारण टक्के आणि वाहने यांची बेरीज निरर्थक असते. त्यामुळे चूक पकडण्याची सोयही राहत नाही. टक्के आणि गुणोत्तरे ही घरे भरण्याची साधने आहेत, त्यांना स्वतःचा रकाना द्यायचा नसतो.

ओळी आणि रकाने कोणते घ्यायचे हे आकडे पाहून ठरत नाही. एकूण समूह कोणकोणत्या प्रकारे वाटला गेला आहे हे पाहून ठरते. येथे समूह आहे १२०० वाहने. तो एकदा गावाकडून वाटला आहे, निफाड, चांदवड आणि येवला असा, आणि दुसऱ्यांदा मालाकडून वाटला आहे, लाल आणि उन्हाळ असा. त्यामुळे तीन ओळी, दोन रकाने आणि कडेला व तळाला एकूण. हे बरोबर आहे का, याची एकच कसोटी मी घेतो: आवाराच्या फाटकातून आत येणारे कोणतेही एक वाहन मनात धरावे आणि ते नेमक्या एकाच घरात बसते का ते पाहावे. 'प्रत्येक वाहनात एकाच प्रकारचा कांदा होता' हे अर्धे वाक्य बहुतेक विद्यार्थी सजावट समजून ओलांडून जातात, परंतु या तक्त्याला परवानगी तेच वाक्य देते. त्याऐवजी 'काही वाहनांत दोन्ही प्रकारचा कांदा होता' असे असते, तर 'फक्त लाल', 'फक्त उन्हाळ' आणि 'दोन्ही' असे तीन रकाने करावे लागले असते. दोनच रकान्यांत ते बसवले असते तर दोन्ही माल असलेली वाहने दोनदा मोजली गेली असती.

घरे ठरली की आकडेमोड सुरू करण्याआधी एक मोजणी करावी, असे मी तिला सांगितले. तीन ओळी आणि दोन रकाने म्हणजे सहा घरे. सहा अज्ञात संख्या निश्चित करायला एकमेकींतून न निघणाऱ्या सहा गोष्टी सांगितलेल्या असाव्या लागतात. परिच्छेदात त्या आहेत का? एकूण १२००, लाल ३६ टक्के, येवला आणि निफाड यांच्यातील २० टक्क्यांचा संबंध, निफाडचे ३:५, निफाडचे ४० टक्के, आणि उरलेल्यांचे ५:४. बरोबर सहा. सातवी गोष्ट, म्हणजे दुपारच्या लिलावाची ५७ वाहने, या सहा घरांत बसत नाही. ती चांदवड-उन्हाळ या घराची आणखी फोड करते, म्हणून त्या घराखाली लहान अक्षरात टांगून ठेवायची. ही मोजणी दहा-पंधरा सेकंदांची आहे. पाचच गोष्टी सापडल्या तर एखादे वाक्य वाचायचे राहिले आहे किंवा 'माहिती अपुरी' हा पर्याय खरा असण्याची शक्यता आहे, हे आकडेमोडीत शिरण्याआधीच कळते.

यानंतर भरण्याचा क्रम येतो. परिच्छेद ज्या क्रमाने बोलतो त्या क्रमाने तक्ता भरता येत नाही, आणि पुष्कळदा तो मुद्दाम तसा लिहिलेला असतो. येथे येवल्याची उन्हाळ वाहने निफाडच्या उन्हाळ वाहनांच्या आधाराने सांगितली आहेत, परंतु ते वाक्य येते तेव्हा निफाडविषयी काहीही माहीत नसते. पहिल्या प्रयत्नात ती अशा वाक्यापाशी थांबून पुढे जाई आणि मग मागे येई. या जाण्यायेण्यातच आधाराचा शब्द निसटला होता. दुसऱ्या वेळी तिने एकदाच, सरळ, वरून खाली वाचले आणि जे कळले ते त्या त्या घरात जसेच्या तसे टाकले: आकडा मिळाला तर आकडा, नाही तर संबंध. वाचन संपले तेव्हा कागदावर हे होते:

| तालुका | लाल | उन्हाळ | एकूण |
|---|---|---|---|
| निफाड | ३ भाग | ५ भाग | ४८० |
| चांदवड | | | ५ भाग |
| येवला | | निफाड-उन्हाळच्या ८०% | ४ भाग |
| एकूण | ४३२ | ७६८ | १२०० |

येवल्याच्या घरात तिने 'निफाड-उन्हाळच्या ८०%' असे आधाराच्या नावासकट लिहिले, आणि पहिल्या वेळची चूक येथेच टळली. तिला मी एक भाषिक खूण लक्षात ठेवायला सांगितली होती. मराठीत शेकडेवारीचा आधार कोणता हे शब्दाला लागलेल्या प्रत्ययावरून किंवा शब्दयोगी अव्ययावरून कळते: ज्याला 'पेक्षा' लागते, ज्याला 'पैकी' लागते किंवा 'किती टक्के' या शब्दांच्या लगेच आधी ज्याला 'च्या' लागते, तो शब्दसमूह म्हणजे शंभर टक्के. मात्र 'पेक्षा' हे फक्त 'वाहनां'ना लागत नाही. त्यामागे जितकी विशेषणे एकामागून एक येतात, त्या सगळ्यांसकट तयार होणारा समूह हा आधार असतो. म्हणून 'पेक्षा' दिसले की तिथून उलटे, मागे मागे वाचत जायचे आणि तो समूह तक्त्यात कोणत्या घरावर किंवा कोणत्या बेरजेवर बोट ठेवतो ते ठरवायचे. 'निफाडहून आलेल्या उन्हाळ कांद्याच्या वाहनांपेक्षा' हे एका घराचे नाव आहे; 'निफाडहून आलेल्या वाहनांपेक्षा' असे असते तर ते ओळीच्या बेरजेचे नाव झाले असते. छापील पुस्तकावर सराव करताना ती हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करत असे. पडद्यावरच्या परिच्छेदाखाली रेघ मारता येत नाही, त्यामुळे आधाराचे नाव कागदावर उतरवणे हाच मार्ग उरतो.

पुढची आकडेमोड अवघड नव्हती. १२०० मधून ४८० गेले, ७२० उरले. त्यांचे नऊ भाग केले तर एक भाग ८०, म्हणून चांदवड ४०० आणि येवला ३२०. निफाडच्या ४८० चे आठ भाग, एक भाग ६०, म्हणून लाल १८० आणि उन्हाळ ३००. ३०० चे ८० टक्के २४०, ही येवल्याची उन्हाळ वाहने. ३२० मधून ती गेली की लाल ८०. चांदवडची उन्हाळ वाहने रकान्यातून मिळतात: ७६८ मधून ३०० आणि २४० वजा, म्हणजे २२८. ओळीतून लाल मिळतात: ४०० वजा २२८, म्हणजे १७२.

| तालुका | लाल | उन्हाळ | एकूण |
|---|---|---|---|
| निफाड | १८० | ३०० | ४८० |
| चांदवड | १७२ | २२८ (दुपारी ५७) | ४०० |
| येवला | ८० | २४० | ३२० |
| एकूण | ४३२ | ७६८ | १२०० |

वाहने मोजून येतात, म्हणून भाग पाडताना भागाकार पूर्ण जायला हवा, ही खूणही उपयोगी पडते. 'उरलेल्या' हा शब्द सुटून कोणी ५:४ हे गुणोत्तर ७२० ऐवजी १२०० ला लावले, तर १२०० ला ९ ने भाग जात नाही आणि चूक लगेच टोचते. पण हा संकेत एकाच बाजूने विश्वासार्ह आहे. अपूर्णांक आला तर काहीतरी चुकले आहे. पूर्णांक आला म्हणून बरोबर आहे असे होत नाही. ३८४ हा पूर्णांकच होता.

तक्ता पूर्ण झाल्यावर मी तिला पडताळणी करायला सांगितली, तेव्हा तिने चांदवडच्या ओळीची बेरीज करून १७२ आणि २२८ मिळून ४०० होतात असे दाखवले. ही पडताळणी नव्हे, कारण १७२ हा आकडा ४०० मधून वजाबाकी करूनच आलेला होता. तो तसा जुळणारच. जो रस्ता आकडा काढताना वापरला नाही, त्याच रस्त्याने जाऊन पाहायचे. येथे लाल रकाना वापरलेला नव्हता: १८०, १७२ आणि ८० मिळून ४३२ होतात, आणि ४३२ हे १२०० च्या ३६ टक्क्यांवरून स्वतंत्रपणे आलेले आहेत. ही बेरीज जुळली म्हणजे मधल्या वजाबाक्या बरोबर आहेत.

मात्र यालाही मर्यादा आहे, आणि ती त्याच दिवशी वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाच्या कागदावर सापडली. त्याने ५:४ उलटे घेतले होते: येवला ४०० आणि चांदवड ३२०. त्याचा तक्ता पुढे नेला तर येवल्याची लाल १६०, उन्हाळ २४०. चांदवडची उन्हाळ २२८, लाल ९२. आणि लाल रकान्याची बेरीज १८०, ९२ आणि १६० मिळून पुन्हा ४३२ होते. सगळे जुळते आणि तक्ता तरीही चुकीचा असतो. आतले आकडे एकमेकांशी सुसंगत आहेत का एवढेच बेरीज सांगते. परिच्छेदातला आकडा भलत्याच ओळीत नेऊन ठेवला असेल तर ते तिला कळत नाही. त्याला ९२ आणि चौथ्या प्रश्नात २२० असे दोन्ही चुकीचे पर्याय सापडले, कारण गुणोत्तर उलटे घेणे हीसुद्धा प्रश्न रचणाऱ्यांना चांगली परिचित असलेली चूक आहे. यावर नंतर करण्यासारखा उपाय नाही. जे करायचे ते लिहितानाच. गुणोत्तर कधीही नुसते लिहू नये, 'चां : ये = ५ : ४' असे अक्षरांसकट लिहावे, आणि अक्षरे परिच्छेदात ज्या क्रमाने नावे आली त्याच क्रमाने यावीत. तक्त्याच्या ओळीही त्याच क्रमाने लावल्या तर आणखी बरे. माझ्या परिच्छेदात हा क्रम योगायोगाने सरळ होता. परीक्षेत तो तसा असेलच असे नाही.

पाचही प्रश्नांना आता फारसा वेळ लागला नाही. पहिल्याचे उत्तर तक्त्यात लिहिलेलेच होते, १७२. दुसऱ्यात 'किती टक्के' या शब्दांच्या आधी 'च्या' लागले आहे निफाडच्या लाल वाहनांना, म्हणून १८० हा आधार आणि ८० त्याचे ४४ पूर्णांक ४ नवमांश टक्के. तिसऱ्यात २२८ पैकी ५७ म्हणजे बरोबर चौथा भाग दुपारी, म्हणून सकाळी ७५ टक्के; येथे २५ टक्के हा पर्याय हात जोडून उभा असतो आणि 'सकाळी' हा शब्द विसरलेला विद्यार्थी तो उचलतो. चौथ्यात ५४० वजा ४००, म्हणजे १४०. पाचव्यात २५६. तिला तक्त्यासाठी अडीच मिनिटे आणि प्रश्नांसाठी दीड मिनिट लागले. परिच्छेद आधीच परिचयाचा झाला होता हे लक्षात घेऊन मी त्या चार मिनिटांचे फार कौतुक केले नाही. पुढच्या आठवड्यात तिने तीन नवे परिच्छेद सोडवले तेव्हा प्रत्येकी पाच ते साडेपाच मिनिटे लागली आणि पंधरापैकी तेरा उत्तरे बरोबर आली. तो आकडा मला अधिक खरा वाटतो.

पाचव्या प्रश्नाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्याला तक्त्याची आतली घरे लागत नाहीत, फक्त तळाची ओळ लागते. वेळ संपत आला असेल तर तक्त्याच्या बेरजा तेवढ्या भराव्यात, त्यांवर सुटणारा प्रश्न सोडवावा आणि पुढे जावे. पाच प्रश्नांत असा एखादा प्रश्न पुष्कळदा असतो. वेळ असेल तेव्हा मात्र पूर्ण तक्ता आधी, प्रश्न नंतर, हाच क्रम मी पाळायला सांगतो, कारण प्रश्नागणिक हवे तेवढेच घर काढत गेल्यास पडताळणीचा मोकळा रकाना शेवटपर्यंत तयारच होत नाही.

मुख्य परीक्षेतले केसलेट याहून एक पायरी पुढे असू शकते: एकूण संख्याच दिलेली नसते. तिच्यासाठी मी हाच परिच्छेद बदलून दिला. १२०० हा आकडा काढून टाकला आणि शेवटचे वाक्य असे केले, 'चांदवडहून आलेल्या उन्हाळ कांद्याच्या वाहनांपैकी २५ टक्के, म्हणजे ५७ वाहनांचा लिलाव दुपारच्या सत्रात झाला.' गोष्टींची मोजणी तिने स्वतःहून केली: एक गोष्ट गेली, पण टांगलेल्या वाक्यात एक नवी आली, म्हणून सहा घरांना अजूनही सहा गोष्टी आहेत. मग तिने एकूण १०० भाग धरायला घेतले आणि थांबली, कारण उरलेल्या ६० चे नऊ भाग पूर्ण पडत नाहीत. ती म्हणाली, "सर, ३०० धरू का? मग उरलेले १८० होतात." हा निर्णय योग्य होता. निफाड १२०, त्यात लाल ४५ आणि उन्हाळ ७५. चांदवड १००, येवला ८०. येवल्याची उन्हाळ ६०, लाल २०. उन्हाळ एकूण ३०० चे ६४ टक्के, म्हणजे १९२. त्यामुळे चांदवडची उन्हाळ ५७ आणि लाल ४३.

येथे एक विचित्र योगायोग समोर आला. चांदवड-उन्हाळच्या घरात ५७ भाग आले आणि परिच्छेदातही ५७ हाच आकडा होता. तिने क्षणभर दोन्ही एकच समजून एक भाग म्हणजे एक वाहन असे लिहिले. तसे असते तर चांदवडची सगळीच उन्हाळ वाहने दुपारी लिलावाला गेली असती आणि २५ टक्के हा शब्दच खोटा ठरला असता. हे तिनेच पकडले, कारण त्या घराखाली तिने आधीच 'चौथा भाग = ५७ वाहने' असे टांगून ठेवलेले होते. तिने भागांच्या सगळ्या आकड्यांभोवती गोल काढले आणि वाहनांचे आकडे मोकळे ठेवले. ५७ वाहने हा घराचा चौथा भाग, म्हणून घरात २२८ वाहने; ती ५७ भागांइतकी, म्हणून एक भाग म्हणजे ४ वाहने. एकूण ३०० भागांची १२०० वाहने झाली, आणि चांदवड-लालच्या घरातल्या गोलातल्या ४३ समोर तिने १७२ लिहिले.